नदीबरोबर वळणारी नावे आणि ती उतरवण्याचा क्रम

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ‘47 एफ/14’ या टोपोशीटवर पुणे शहराचा मोठा भाग आहे. उत्तर अक्षांश 18 अंश 30 मिनिटांपासून 18 अंश 45 मिनिटांपर्यंत आणि पूर्व रेखांश 73 अंश 45 मिनिटांपासून 74 अंशांपर्यंत अशी त्याची चौकट. तिच्यात खडकी, औंध, चिंचवड, भोसरी, देहू, आळंदी ही गावे येतात, आणि इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा या चार नद्या आपापली वळणे घेत वाहतात. या नकाशाच्या जुन्या आवृत्तीचा फोटो काढून त्यावरचे प्रत्येक नाव कागदावर किंवा संगणकावर उतरवून घ्यायचे आहे, असे समजू. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याला जुनी स्पेलिंगे हवी असतात. स्थलनामांचा अभ्यास करणाऱ्याला आज शहराने गिळलेल्या वाड्या हव्या असतात. अंध वाचकासाठी नकाशाचे शब्दरूप करायचे तर पहिली पायरी हीच.

काम सोपे वाटते. पुस्तकाचे पान वाचतो तसे वरून खाली, डावीकडून उजवीकडे वाचत जावे आणि दिसेल ते लिहावे. पहिली नदी आली की हा बेत कोलमडतो. समजा, ‘इंद्रायणी’ हे नाव नदीच्या काठाने छापले आहे आणि नदी मध्येच खाली उतरते. मग नावाची पहिली अक्षरे वर राहतात, उरलेली बोटभर खाली जातात आणि दोहोंच्या मध्ये एखाद्या गावाचे नाव येते. ओळीने वाचणारा माणूस प्रामाणिकपणे लिहितो: ‘इंद्रा, देहू, यणी’. यादीत एक खरे गाव आणि दोन नसलेली ठिकाणे जमा होतात.

माणूस सहसा इतका फसत नाही, कारण इंद्रायणी त्याच्या ओळखीची असते. पण एखाद्या अनोळखी ओढ्याचे किंवा डोंगररांगेचे नाव विरळ अक्षरांत पसरलेले असेल, तर जाणकारही फसतो. या घोटाळ्यातून बाहेर पडायचे तर दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. एकाच नावातील अक्षरे कोणत्या क्रमाने घ्यायची, हा पहिला. नावांमागून नावे कोणत्या क्रमाने घ्यायची, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नकाशाने दिलेले असते, ते शोधायचे असते. दुसऱ्याचे उत्तर नकाशात कुठेच नसते. ते उतरवणाऱ्याला ठरवावे लागते.

नावे वळवण्यामागे नकाशाकारांचा विचार असतो. स्वित्झर्लंडचे नकाशाकार एडुआर्ड इमहोफ यांनी 1962 साली नकाशावर नावे कशी मांडावीत यावर एक लेख लिहिला. 1975 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि आजही नकाशाशास्त्र शिकवताना त्याचा आधार घेतला जातो. इमहोफ यांनी नावांचे तीन गट केले. गाव, शिखर, देऊळ यांसारख्या ठिपक्यांची नावे आडवी आणि ठिपक्याजवळ. नदी, रस्ता, लोहमार्ग यांसारख्या रेषांची नावे त्या रेषेला समांतर, तिच्या वळणाबरोबर वळणारी. जंगल, तालुका, डोंगररांग यांसारख्या प्रदेशांची नावे त्या प्रदेशाच्या विस्तारभर पसरलेली. नाव आडवे आहे, वळलेले आहे की पसरलेले आहे, एवढ्यावरूनच ते कशाचे हे वाचकाला कळावे, हा हेतू. तीच माहिती उतरवणाऱ्याच्या उपयोगी पडते. वळलेले नाव दिसले की त्याच्या अंगाला धावणारी रेषा शोधायची. नाव त्या रेषेचे असते.

मात्र फोटोत आणखी एक वळण मिसळते. जुना नकाशा घडी घालून ठेवलेला असतो, कागद फुगलेला असतो, मोबाइल थोडा तिरका धरलेला असतो. अशा फोटोत सरळ छापलेले नावही वाकडे दिसते. हे वळण कागदाचे की छपाईचे, हे ओळखण्याची एक खात्रीची खूण आहे: नकाशाची चौकट आणि अक्षांश-रेखांशांच्या रेषा. नावाजवळची चौकटीची रेषाही तेवढीच वाकली असेल तर दोष कागदाचा. रेषा सरळ आणि नाव वळलेले असेल तर ते वळण नकाशाकाराने दिलेले. त्यामुळे फोटो काढताना चौकटीचे चारही कोपरे एका फोटोत यायलाच हवेत. ते असले की साध्या फोटो-संपादनाच्या साधनानेही चौकट पुन्हा काटकोनात आणता येते.

त्या एका फोटोवर भागत मात्र नाही. 1:50,000 प्रमाणावर ही चौकट सुमारे 53 सेंटिमीटर रुंद आणि 55 सेंटिमीटर उंच भरते. समास धरून कागद आणखी मोठा. 12 मेगापिक्सेलच्या मोबाइल फोटोची छोटी बाजू साधारण 3,000 पिक्सेलची असते. तिच्यात 60 सेंटिमीटर कागद बसवला, तर प्रत्येक सेंटिमीटरला 50 पिक्सेल मिळतात. दीड मिलिमीटर उंचीच्या अक्षराच्या वाट्याला येतात जेमतेम 7 किंवा 8. एवढ्यात इंग्रजी ‘ई’ आणि ‘सी’ यांतला फरक पुसला जातो. त्याऐवजी नकाशाचा नववा हिस्सा एका फोटोत घेतला, तर तेच अक्षर 20 पिक्सेलच्या पुढे जाते आणि निवांत वाचता येते.

नऊ हिस्से करण्याची सोय नकाशातच आहे. पंधरा मिनिटांच्या चौकटीत पाच-पाच मिनिटांचे नऊ चौकोन पडतात. प्रत्येक चौकोन कागदावर साधारण साडेसतरा सेंटिमीटर रुंद आणि साडेअठरा सेंटिमीटर उंच. प्रत्येकाचा स्वतंत्र फोटो काढावा आणि चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर शेजारचा भागही घ्यावा. कारण नदीचे नाव चौकोनाची हद्द पाळत नाही.

आता पहिला प्रश्न, एका नावाच्या आतला. वळलेल्या प्रत्येक नावाला एक अदृश्य बैठक असते. सगळी अक्षरे तिच्यावर पाय टेकून उभी असतात. अक्षरांचे पाय कोणत्या बाजूला आहेत हे पाहिले की नाव कुठून सुरू होते ते कळते: पाय खाली येतील असा फोटो फिरवला की डावे टोक ही सुरुवात. रोमन लिपीत पहिले अक्षर मोठे असल्याने आणखी एक पुरावा मिळतो. नाव उभे असेल, म्हणजे नदी उत्तर-दक्षिण धावत असेल, तेव्हा गोंधळ होतो. नकाशाकारांमध्ये एक जुना संकेत असा, की नकाशाच्या डाव्या अर्ध्या भागातील उभी नावे खालून वर वाचली जावीत आणि उजव्या अर्ध्या भागातील वरून खाली. सगळे नकाशे तो पाळत नाहीत. म्हणून संकेतावर विसंबण्यापेक्षा अक्षरांचे पाय पाहणे बरे.

नदी ज्या दिशेने वाहते त्या दिशेने नाव लिहिलेले असते, असे पुष्कळांना वाटते. तसा नियम नाही. इंद्रायणी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, त्यामुळे तिचे नाव आणि तिचा प्रवाह योगायोगाने एकाच दिशेने जातात. कोकणात हे उलटते. वाशिष्ठी सह्याद्रीतून निघून पश्चिमेला दाभोळच्या खाडीकडे जाते, पण रोमन किंवा देवनागरी नाव डावीकडूनच सुरू होते. म्हणजे पहिले अक्षर समुद्राच्या बाजूला आणि शेवटचे उगमाच्या बाजूला. उर्दू नकाशावर हेच उजवीकडून सुरू होईल. नदीची वाहण्याची दिशा हवी असेल तर ती वेगळ्या रकान्यात लिहावी. अक्षरांच्या क्रमाशी तिचा संबंध नाही.

मराठी किंवा हिंदी नकाशावर देवनागरीची स्वतःची अडचण उभी राहते. वळणावर बसवताना शब्द अक्षराअक्षरांत तोडला जातो, शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर आपल्या तुकड्याच्या शिरोरेषेसह थोडे तिरके होते. प्रदेशाचे नाव पसरवले की ‘स’, ‘ह्या’, ‘द्री’ असे तीन बेटांसारखे तुकडे बोट-बोट अंतरावर जातात आणि मध्ये दहा गावे येतात. अशा वेळी अक्षरांचा आकार आणि जाडी पाहावी. एकाच नावातील अक्षरे एका मापाची, एका वळणाची असतात आणि त्यांच्यामधले अंतर जवळपास सारखे असते. हे अंतर मध्येच दुप्पट झाले, तर एक तर नाव संपले आहे किंवा एखादे अक्षर गडद रंगाखाली किंवा घडीत हरवले आहे. दोन्ही शक्यता तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यातून पहिला पक्का नियम मिळतो: एक नाव हाती घेतले की ते शेवटपर्यंत पूर्ण करायचे, मध्ये कितीही दुसरी नावे येवोत. गाववाचक नावांनाही तो लागू आहे. या टोपोशीटच्या प्रदेशातच याचे उत्तम उदाहरण सापडते. पवना आणि मुळा यांच्यामधल्या पट्ट्यात पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर आणि पिंपळे निलख ही तीन गावे जवळजवळ आहेत. जागा वाचवण्यासाठी अशी नावे पुष्कळदा दोन ओळींत छापतात: वर ‘पिंपळे’, खाली दुसरा शब्द. शेजारची दोन नावे एका रेषेत आली, तर ओळीने वाचणारा ‘पिंपळे पिंपळे’ लिहून पुढच्या ओळीत ‘गुरव सौदागर’ लिहितो. यादीत नंतर शोधणाऱ्याला तिन्ही गावे सापडत नाहीत.

यंत्रांनाही हा पेच सुटायला वेळ लागला आहे. डेव्हिड रमसी नकाशासंग्रहाने सुमारे 57 हजार जुन्या नकाशांवरचा मजकूर शोधता येईल अशी सोय केली आहे. त्यात 10 कोटींहून अधिक शब्द आहेत. तिथे सुटे शब्द सापडतात, पण कोणता शब्द कोणत्या शब्दाला जोडून एक नाव होते, हा प्रश्न वेगळा उरतो. 2024 साली ऐतिहासिक नकाशांवरील मजकूर वाचण्याची जी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तिच्यात शब्द सापडवणे आणि वाचणे यांच्या जोडीला शब्द एकमेकांना जोडणे हाही स्वतंत्र भाग होता.

दुसरा प्रश्न नावांमधल्या क्रमाचा. इथे तीन वाटा आहेत आणि प्रत्येकीत काहीतरी मिळते, काहीतरी निसटते.

पहिली वाट रेषेची. एक नदी धरायची, उगमाकडून खाली यायचे आणि काठावरची नावे लिहीत जायची. मग दुसरी नदी, मग रस्ते. अशी यादी वाचायला सुरेख होते, कारण तिच्यात प्रदेश उलगडत जातो. पण 47 एफ/14 वर ती लगेच अडखळते. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. पुढे संगमावर मुठा मुळेला मिळते आणि तिथून खाली नदीचे नाव मुळा-मुठा होते. मुळेच्या काठाने निघालेल्या माणसाने संगमावर थांबायचे की मुळा-मुठेबरोबर पुढे जायचे? पवनेकाठची गावे पवनेत मोजायची, पण दोन्ही नद्यांपासून सारख्या अंतरावरची गावे कुठे? ती दोनदा येतात किंवा एकदाही येत नाहीत. भोसरीसारखे नदीपासून दूरचे गाव तर सरळ सुटून जाते. म्हणून कथनासाठी ही वाट चांगली, पण एकही नाव सुटू नये अशी अट असेल तर ती भरवशाची नाही.

दुसरी वाट प्रकाराची: आधी पाणी, मग रस्ते, मग गावे, मग देवळे-किल्ले. नकाशाकाराने अक्षरांच्या वळणांत फरक केलेला असल्यामुळे ही वाट सोपी जाते. पाण्याची नावे बहुधा तिरक्या अक्षरांत असतात. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांवर तर रोमन काळातील अवशेषांसाठी एक अक्षरवळण आणि मध्ययुगीन अवशेषांसाठी जुन्या गॉथिक धाटणीचे दुसरे, असा भेद असतो. पण या वाटेने जाणाऱ्याला अख्खा नकाशा चार-पाच वेळा पिंजून काढावा लागतो, आणि प्रत्येक फेरीत काय झाले, काय राहिले याचा हिशेब ठेवावा लागतो.

तिसरी वाट चौकोनांची. एक चौकोन घ्यायचा, त्यातले सगळे लिहून संपवायचे, मग दुसरा. ही सर्वांत रूक्ष आणि सर्वांत सुरक्षित. तिच्यात एकच वाद येतो: दोन चौकोनांत पसरलेले नाव कोणाचे? उत्तर एका वाक्यात देता येते. नावाचे पहिले अक्षर ज्या चौकोनात, त्या चौकोनाचे.

पहिल्या अक्षराचा हा नियम मोठ्या प्रमाणावर वापरला गेलेला आहे. ब्रिटनमध्ये 2016 साली ‘जीबी1900’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. ऑर्डनन्स सर्व्हेच्या एका मैलाला सहा इंच प्रमाणाच्या, 1900 च्या आसपासच्या नकाशांवरचा सगळा मजकूर उतरवायचा, असे त्याचे काम होते. स्कॉटलंडचे राष्ट्रीय ग्रंथालय, पोर्ट्समथ विद्यापीठ आणि वेल्समधील संस्था त्यात होत्या, आणि प्रत्यक्ष टंकन केले ते घरी बसलेल्या स्वयंसेवकांनी. पडद्यावरच्या नकाशात नावाच्या पहिल्या अक्षरापाशी खूण करायची आणि नाव टाइप करायचे. दुसऱ्या कोणीतरी तेच नाव स्वतंत्रपणे वाचून तसेच लिहिले, की नोंद पक्की. 2018 च्या सुरुवातीला काम संपले तेव्हा सुमारे साडेपंचवीस लाख नोंदी झाल्या होत्या.

जीबी1900 मध्ये स्वयंसेवकांना कोणताही क्रम दिलेला नव्हता. ज्याला जिथून वाटेल तिथून त्याने सुरुवात करावी. कोणी आपल्या गावापासून निघाला, कोणी रेल्वेमार्ग धरला. तरीही यादी विस्कळीत झाली नाही, कारण प्रत्येक नावाबरोबर त्याची जागा नोंदली जात होती. जागा हाती असली की यादी नंतर हवी तशी लावता येते: उत्तरेकडून दक्षिणेकडे, परगण्यांनुसार किंवा वर्णानुक्रमे. क्रमाचे ओझे तिथे जागेच्या नोंदीने उचलले.

छापील मजकुराच्या संगणकीय नोंदींसाठी 2010 साली सॅलफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी मांडलेल्या ‘पेज’ या स्वरूपातही हे मान्य केलेले दिसते. त्यात पानावरच्या मजकुराचा वाचनक्रम लिहिण्यासाठी क्रम असलेला गट आणि क्रम नसलेला गट असे दोन्ही पर्याय आहेत. वर्तमानपत्राचा स्तंभ पहिल्यात बसतो. नकाशा दुसऱ्यात: नावाच्या आत क्रम पक्का, नावांमध्ये मोकळा.

पण कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या एकट्या माणसाजवळ खूण टिपणारा पडदा नसतो. त्याला ठरीव क्रम हवाच, नाहीतर कुठवर आलो ते त्यालाच कळत नाही. त्याच्यासाठी चौकोनांची आणि प्रकारांची वाट मिळून चांगली पद्धत होते. नऊ चौकोनांना डावीकडून उजवीकडे, वरून खाली 1 ते 9 आकडे द्यायचे. प्रत्येक चौकोनात आधी वळलेली आणि पसरलेली नावे घ्यायची, मग आडवी. लांब नावे आधी यासाठी, की ती उचलली की उरलेल्या नावांची गर्दी सुटी होते. मघाची ‘इंद्रा, देहू, यणी’ ही गफलत होऊच शकत नाही.

47 एफ/14 वर हे कसे चालेल ते पाहू. आवृत्तीनुसार नावांच्या जागा बदलतात, म्हणून इथे एक मांडणी गृहीत धरली आहे. नद्या आणि गावे मात्र जिथल्या तिथे आहेत. पहिल्या चौकोनात, म्हणजे वायव्य कोपऱ्यात, इंद्रायणी शिरते. तिच्या नावाची सुरुवात इथे आणि शेवट दुसऱ्या चौकोनात आहे असे धरू. पहिले अक्षर इथे, म्हणून नोंद इथे: ‘इंद्रायणी, चौकोन 1, शेवट चौकोन 2, वळलेले, नदी’. त्यानंतर आडवी नावे वरून खाली. देहू त्यांत आले. दुसऱ्या चौकोनात पोहोचल्यावर नावाचा शेवटचा तुकडा पुन्हा दिसेल, पण पहिले अक्षर इथे नसल्यामुळे तो सोडायचा. तिथे आडव्या नावांत आळंदी मिळेल. ती चौकोनाच्या तळाच्या रेषेला अगदी लागून आहे. पुढे तुळापूरकडे जाताना नदीचे नाव पुन्हा एकदा छापलेले असेल, तर ती स्वतंत्र नोंद. लांब नद्यांची नावे थोड्या अंतराने पुन्हा देण्याची पद्धतच आहे. दुसऱ्यांदा छापलेले नाव गाळले, तर मूळ नकाशावर किती नावे होती हे पुढच्या वाचकाला कळणार नाही.

चौथ्या आणि सातव्या चौकोनांची हद्द 18 अंश 35 मिनिटांच्या रेषेवर आहे, आणि तिन्ही पिंपळे नेमकी त्या रेषेच्या आसपास. गुरव आणि सौदागर रेषेच्या वर, निलख खाली. नावाचा ठिपका एका बाजूला आणि अक्षरे दुसऱ्या बाजूला असे इथे होऊ शकते. नियम पहिल्या अक्षराचा असल्यामुळे ठिपका कुठे आहे याने फरक पडत नाही. नियम एकच असला आणि सगळीकडे सारखा पाळला, की गाव सुटत नाही आणि दोनदा येत नाही. आठव्या चौकोनात संगम येतो. तिथे ‘मुळा’, ‘मुठा’ आणि ‘मुळा-मुठा’ या तीन वेगळ्या नोंदी व्हाव्यात. मधली आडवी रेघ अस्पष्ट असेल तर ‘मुळा’ आणि ‘मुठा’ ही दोन नावे एकामागोमाग आली आहेत असे वाटते. दोन्ही शब्द एकाच बैठकीवर आणि एकाच प्रवाहाच्या काठाने आहेत का, हे पाहून निर्णय घ्यावा.

सातव्या, आठव्या आणि नवव्या चौकोनांची तळरेषा 18 अंश 30 मिनिटांवर आहे आणि तिथे नकाशाच संपतो. पुण्याचा दक्षिण भाग, अगदी पर्वतीची टेकडीसुद्धा, खालच्या 47 एफ/15 या टोपोशीटवर जातो. चौकटीवर अर्धवट थांबलेले नाव दिसले, तर ते पूर्ण करण्यासाठी शेजारचे टोपोशीट उघडावे. अंदाजाने पुरे करू नये.

चौकटीच्या बाहेर आणखी एक सापळा असतो. मोठा रस्ता नकाशातून बाहेर पडतो तिथे, रस्त्याच्या रेषेला धरून, पुढच्या शहराचे नाव आणि अंतर छापलेले असते. घाईत उतरवणारा ते गावांच्या यादीत घालतो आणि नाशिक किंवा अहमदनगर पुण्याच्या टोपोशीटवर येऊन बसते. समासातला मजकूर, म्हणजे टोपोशीटचा क्रमांक, प्रमाण, सर्वेक्षणाचे वर्ष, रस्त्यांची गंतव्ये, हा सगळा दहाव्या गटात ठेवावा आणि नऊ चौकोनांत मिसळू नये. जुन्या नकाशावर ‘पूना’ किंवा ‘किर्की’ छापले असेल तर तसेच लिहावे. आजचे नाव दुसऱ्या रकान्यात.

यादी पुरी झाली की चुका तिच्यावरूनच ओळखू येतात. एका अक्षराची नोंद दिसली तर कुठेतरी पसरलेले नाव तुटले आहे. नुसतेच ‘वाडी’, ‘खुर्द’ किंवा ‘बुद्रुक’ दिसले तर दोन ओळींतले नाव फाटले आहे. एकच गाव लागोपाठच्या दोन चौकोनांत आले तर हद्दीचा नियम मोडला आहे. एखाद्या चौकोनात नदी आहे पण लांबवर तिच्या नावाची नोंद नाही, असे दिसले तर फोटोत तो भाग पुन्हा पाहावा. सुटलेली नावे शोधण्याचा सोपा उपाय म्हणजे फोटोची छापील प्रत काढून उतरवलेल्या प्रत्येक नावाच्या पहिल्या अक्षरावर पेन्सिलीचा ठिपका देणे. शेवटी ज्या नावांवर ठिपका नाही, ती सुटलेली. त्यानंतर हवेली, मावळ, मुळशी आणि खेड तालुक्यांच्या जनगणनेतील गावयादीशी ताडून पाहता येते. यादीत असलेले गाव नकाशावर सापडले नाही, तर ते शेजारच्या टोपोशीटवर आहे की नकाशाकाराने गाळले, हे नक्की करता येते.

जीबी1900 प्रमाणे दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्र वाचन करून घेता आले तर फारच उत्तम. त्याने मात्र पहिली यादी समोर ठेवू नये, आणि शक्य असेल तर चौकोन उलट्या क्रमाने, 9 कडून 1 कडे घ्यावेत. दोघेही एकाच क्रमाने गेले तर दोघेही शेवटच्या चौकोनात थकलेले असतात आणि त्यांच्या चुका एकाच कोपऱ्यात जमतात.

जुनी टोपोशीटे महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत आणि घराघरांतल्या कपाटांत पडून आहेत, आणि त्यांतील कितीतरी वाड्या आता फक्त तिथेच छापलेल्या आहेत. कोणी ती उतरवायला घेतलीच, तर यादीच्या माथ्यावर चार गोष्टी अवश्य लिहाव्यात: टोपोशीटचा क्रमांक, आवृत्तीचे वर्ष, चौकोनांचा क्रम आणि ‘नोंद पहिल्या अक्षराच्या जागेनुसार’ हे वाक्य. त्यावरून दुसऱ्या कोणालाही यादीतले नाव घेऊन नकाशावर नेमक्या त्याच जागी पोहोचता येते.